नॅसमध्ये डेस्कटॉप ड्राइव्ह घातली, रिबिल्ड ४१ टक्क्यांवर अडकलं आणि ड्राइव्ह बाहेर पडली

चौकट · रविवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझा लग्नाच्या फोटोग्राफीचा स्टुडिओ आहे. २०१९ मध्ये एका जुन्या पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकून चार डिस्कचा नॅस केला होता. ४ टीबीच्या चार नॅस ड्राइव्ह, रेड ५, एकूण जागा साधारण १२ टीबी. आजवर काही तक्रार नव्हती. गुरुवारी त्यातली एक डिस्क खरोखरच गेली, टकटक आवाज करत होती.

शहरातल्या एका दुकानात तशीच नॅस ड्राइव्ह मागितली. ती चार दिवसांनी येईल म्हणाले. तोवर ही डेस्कटॉपवाली घ्या, साइज तोच, कामही तेच करते, आणि दीड हजारानं स्वस्त पडेल. लग्नसराई चालू आहे, चार दिवस थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून घेतली. काल सकाळी दहाला रिबिल्ड लावलं. सुरुवातीला १२८-१३० एमबी प्रति सेकंद असा वेग होता. पावणेएकपर्यंत ३१ टक्के झालं, म्हटलं संध्याकाळी सात वाजेपर्यंत मोकळे होऊ. मग वेग जो पडला तो चारला ११ एमबी, रात्री ६ एमबी. आज सकाळी सातला ४१ टक्के, आणि अकराच्या सुमारास हे दिसलं:

```
md0 : active raid5 sdc[4](F) sda[0] sdb[1] sdd[3]
      11720661504 blocks super 1.2 level 5, 512k chunk, algorithm 2 [4/3] [UU_U]
```

फाइली अजून उघडतात. आठ लग्नांचं काम द्यायचं बाकी आहे आणि त्यातल्या पाचांची दुसरी प्रत कुठेही नाही. रिबिल्ड चालू असताना आमची दोन्ही एडिटिंगची मशीनं नॅसवरच काम करत होती, हेही सांगून ठेवतो. नवी डिस्क खराब निघाली का? बदलून तीच कंपनी, तेच मॉडेल आणू का?

---

कागलकर · रविवार, दुपारी १२:३५

भावा, डिस्क खराबच असणार, नाहीतर (F) कशाला आलं असतं. बदलून घे.

आणि मूळ घोळ रेड ५ चा आहे. डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं, १०^१४ बिट वाचले की एक बिट वाचता येत नाही. १०^१४ बिट म्हणजे साडेबारा टीबी. तुझ्या तीन डिस्क मिळून १२ टीबी वाचायच्या आहेत, म्हणजे रिबिल्डमध्ये एक चूक होणार ती होणारच. नॅस ड्राइव्ह घे नाहीतर डेस्कटॉप घे. आतलं लोखंड एकच असतं, लेबल वेगळं असतं.

---

रात्रपाळी · रविवार, दुपारी १:०५

चौकट, आधी दोन गोष्टी करू नका. ती डिस्क परत ॲरेत घालू नका, आणि नॅसवर नवीन काहीही लिहू नका. एडिटिंगची दोन्ही मशीनं नॅसपासून तोडा. ज्या पाच लग्नांची प्रत नाही ती आत्ता, आजच, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकीचं बोलणं त्यानंतर.

कॉपी चालू असताना ही माहिती द्या:

```
smartctl -i /dev/sdc
smartctl -A /dev/sdc
smartctl -l scterc /dev/sdc
dmesg | grep -i -E "ata|md0"
```

आणि `smartctl -A` चारही डिस्कचं द्या, फक्त नव्या डिस्कचं नको. रिबिल्ड पडलं की सगळे नव्या डिस्ककडे बघत बसतात, पण आता जीव जुन्या तीन डिस्कवर आहे.

---

हुपरीची_लेक · रविवार, दुपारी १:२०

आमच्या चांदीच्या कारखान्यात सोळा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे, त्यात दुकानदारानं कॅमेऱ्यासाठीची वेगळी हार्ड डिस्क घातली आहे. दोन वर्षं झाली, एकदाही बंद पडली नाही. चौकटदादांनी तीच घेतली तर चालेल ना? ती पण चोवीस तास चालते.

---

रात्रपाळी · रविवार, दुपारी १:३०

ताई, तुमच्या कामाला ती बरोबर आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग एका पाठोपाठ एक लिहिलं जातं आणि मध्ये एखादी फ्रेम गेली तर कुणाला कळतही नाही, ती डिस्क तशाच कामासाठी जुळवलेली असते. इथे एकही सेक्टर गमावून चालणार नाही. चोवीस तास चालणं हा नॅस ड्राइव्हचा एक गुण झाला. चौकट यांची अडचण त्यातली नाही.

---

चौकट · रविवार, दुपारी ३:४०

कॉपी चालू आहे, दोन लग्नं झाली. दोन्ही मशीनं तोडली. नव्या डिस्कचं हे, नको त्या ओळी काढल्यात:

```
Rotation Rate:    5400 rpm
TRIM Command:     Available

  5 Reallocated_Sector_Ct    0
197 Current_Pending_Sector   0
199 UDMA_CRC_Error_Count     0

SCT Error Recovery Control command not supported
```

dmesg मध्ये रात्रभर अधूनमधून हे आहे, शेवटी शेवटी दर दहा मिनिटांनी:

```
ata3.00: exception Emask 0x0 SAct 0x0 SErr 0x0 action 0x6 frozen
ata3: hard resetting link
```

जुन्या तिघांत sda आणि sdd साफ आहेत. sdb ला Current_Pending_Sector च्या पुढे ८ आकडा आहे. हे वाईट आहे का?

---

रात्रपाळी · रविवार, दुपारी ४:२५

sdb वर नंतर येतो, ते महत्त्वाचं आहे आणि त्याला वेगळं लिहावं लागेल. आधी sdc.

डिस्क खराब नाही. एकही सेक्टर बदललेला नाही, एकही वाचायचा अडलेला नाही, केबलची चूक शून्य. पण फिरणारी डिस्क असून TRIM घेते म्हणते, ही ओळ बघा. TRIM एसएसडीला लागतं. साध्या फिरणाऱ्या डिस्कला त्याचं काही काम नाही. फिरणाऱ्या डिस्कवर ती ओळ दिसली की ती शिंगल्ड रेकॉर्डिंगची, म्हणजे एसएमआर, असं जवळजवळ धरून चालायचं. उलट मात्र नाही. TRIM दिसत नाही म्हणून एसएमआर नाही, असं म्हणता येत नाही.

आता हे शिंगल्ड म्हणजे काय. तुमच्यापैकी ज्यांचं गावाकडं कौलारू घर आहे त्यांनी पावसाळ्याआधीची शाकारणी पाहिली असेल. कौलं वळचणीपासून आढ्याकडं लावत जातात, वरची ओळ खालच्या ओळीच्या डोक्यावर थोडी चढते. डिस्कवर लिहिणारं हेड रुंद पट्टा लिहितं, पण वाचणाऱ्या हेडला त्यातली अरुंद पट्टी पुरते. म्हणून पुढचा ट्रॅक मागच्याच्या काही भागावर चढवून लिहिला तरी मागचा वाचता येतो. तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा बसतो, तबकड्या आणि हेड कमी लागतात, डिस्क स्वस्त पडते. वाचायला काही त्रास नाही. आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग लिहीत गेलात तर लिहायलाही नाही.

त्रास कधी, तर मधलं एक कौल बदलायचं असेल तेव्हा. मधला ट्रॅक लिहिला तर त्यावर चढलेला पुढचा पुसला जातो, मग तो लिहायचा तर त्याच्या पुढचा. हे सगळ्या डिस्कभर पसरू नये म्हणून असे ट्रॅक पट्ट्यांत बांधलेले असतात. पट्टा साधारण २५६ एमबीचा, आणि दोन पट्ट्यांमध्ये मोकळी फट. म्हणजे ४ केबी बदलायचे तर वाईटात वाईट वेळी २५६ एमबी वाचून, जुळवून, पुन्हा लिहायचे.

हे दर वेळी केलं तर डिस्क वापरताच येणार नाही. म्हणून तबकडीचा थोडा भाग साध्या पद्धतीने लिहायचा ठेवलेला असतो. घराच्या पडवीसारखा. आलेला माल आधी पडवीत टाकायचा, आणि घरात कुणी नसलं की निवांत आत नेऊन लावायचा. एडिटिंगच्या मशीनमध्ये ही डिस्क घातली असती तर तुम्हाला वर्षभर काही कळलं नसतं, कारण तुम्ही जेवायला जाता, रात्री घरी जाता, डिस्कला आवराआवर करायला वेळ मिळतो.

रिबिल्डमध्ये तो वेळ मिळत नाही. आठ-दहा तास डिस्कवर न थांबता लिहिलं जातं. त्यात तुमची दोन मशीनं प्रिव्ह्यू, कॅटलॉग, तात्पुरत्या फाइली इथे तिथे लिहीत होती, म्हणजे सलग लिहिणंही मोडलं. पावणेएकपर्यंत पडवी पुरली. तिथून पुढे डिस्क एका हाताने माल घेत होती आणि दुसऱ्या हाताने कौलं उपसून परत लावत होती. तुमचा १३० चा ६ झाला तो असा.

---

शाहूपुरी_काउंटर · रविवार, संध्याकाळी ५:१०

मी दुकानदार आहे, चौकट यांना डिस्क दिली तो मी नव्हे. पण आमची बाजू मांडतो. खोक्यावर एसएमआर लिहिलेलं नसतं. वितरकाच्या यादीत साइज, कॅश आणि वॉरंटी एवढंच असतं. गिऱ्हाईक ४ टीबी मागतं, आम्ही ४ टीबी देतो. २०२० मध्ये तर खुद्द नॅसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालिकेतच एसएमआर निघाल्या होत्या, तेव्हा आम्हालाही बातम्यांतूनच कळलं. मग गिऱ्हाइकानं दुकानदाराला जबाबदार धरावं का?

---

रात्रपाळी · रविवार, संध्याकाळी ५:३५

तुम्ही म्हणता ते खरं आहे. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही नव्या ड्राइव्ह एसएमआर आहेत. जुनी `WD40EFRX` साध्या पद्धतीची, तिच्या जागी आलेली `WD40EFAX` शिंगल्ड. त्याच वर्षी त्यांनी साध्या पद्धतीच्या ड्राइव्हना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं आणि कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे ते जाहीर केलं. सीगेट आणि तोशिबानेही तेव्हाच आपापल्या डेस्कटॉप मालिकांतली एसएमआर मॉडेलं सांगितली.

म्हणून नुसत्या लेबलवर जाऊ नये, कागलकर, तुमचं तेवढं बरोबर. पण शेवटच्या अक्षरांवरही जाऊ नये. `WD80EFAX` ही ८ टीबीची, अक्षरं तीच, आणि ती साध्या पद्धतीची आहे. पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या स्वतःच्या यादीत बघायचा, त्यात सीएमआर, म्हणजे साध्या पद्धतीची, असं लिहिलं असेल तर घ्यायची. दुकानदाराला एवढं विचारलं तरी पुरे: खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर व्हॉट्सॲपवर पाठवा.

---

रंकाळाकाठ · रविवार, संध्याकाळी ६:५०

मला रात्रपाळी यांचं सगळं पटत नाही. माझ्याकडे घरच्या नॅसमध्ये एसएमआरच्या दोन डिस्क आहेत, एमडीएडीएमवर, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या रेडवर. दीड वर्षापूर्वी त्यातल्या एकीवर रिबिल्ड केलं, साडेनऊ तासांत झालं. कुठे अडकलं नाही, बाहेर पडली नाही. एसएमआरचा बाऊ झाला आहे असं मला वाटतं. २०२० मध्ये ज्या चाचण्या आल्या त्यातही एमडीएडीएमवरचं रिबिल्ड साध्या ड्राइव्हइतक्याच वेळात झाल्याचं वाचलं होतं.

---

रात्रपाळी · रविवार, संध्याकाळी ७:३०

रिबिल्ड चालू असताना तुमचा नॅस कोण वापरत होतं?

---

रंकाळाकाठ · रविवार, संध्याकाळी ७:३४

कुणी नाही. आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, लावून गेलो.

---

रात्रपाळी · रविवार, रात्री ८:१५

मग तुमचा अनुभव खरा आहे आणि चौकट यांचाही. एमडीएडीएमचं रिबिल्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटापर्यंत ओळीने जातं. डिस्क भरलेली असो की रिकामी, ते फाइली बघत नाही. नव्या डिस्कवर वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग कौलं बसतात, एसएमआरला हेच आवडतं. मध्ये कुणी लुडबूड केली नाही तर वेळ जवळपास साध्या डिस्कइतकाच.

झेडएफएसचं, म्हणजे जिथे फाइल सिस्टीमच रेड सांभाळते त्याचं, वेगळं आहे. ते वापरलेल्या जागेचीच पुनर्बांधणी करतं, पण फाइल सिस्टीमच्या झाडाप्रमाणे जातं, त्यामुळे लिहिणं तुकड्यातुकड्यांत होतं. सर्व्ह-द-होम या संकेतस्थळाने २०२० मध्ये `WD40EFAX` झेडएफएसच्या ॲरेत घालून पाहिली, तिला नऊ दिवसांहून जास्त लागले. साध्या पद्धतीच्या ड्राइव्हनी तेच काम एका दिवसाच्या आत केलं. तुम्ही वाचलेली चाचणी आणि ही चाचणी, दोन्ही बरोबर आहेत. फरक लिहिण्याच्या क्रमाचा आहे.

चौकट यांचा स्टुडिओ या दोन्हींच्या मध्ये पडला. रिबिल्ड सलग, पण त्यावर दोन मशीनांचं विखुरलेलं लिहिणं. धंद्याच्या जागी लग्नसराईत नॅस दहा तास बंद ठेवायची हमी कोण देणार? म्हणून मी ॲरेत एसएमआर नको म्हणतो.

---

चौकट · रविवार, रात्री ९:४०

पाचही लग्नं उतरली. हात थरथरत होते, आता जरा बसलो.

वेग का पडला ते समजलं. पण डिस्क चांगली असेल तर ती बाहेर का टाकली? हळू चालते म्हणून कुणी बाहेर काढतं का? आणि ती `not supported` ओळ कशाची?

---

रात्रपाळी · रविवार, रात्री १०:४५

हळू चालते म्हणून नाही, उत्तर दिलं नाही म्हणून. लिनक्स डिस्कला एक काम सांगतो आणि ३० सेकंद वाट बघतो. तुमची डिस्क कौलं उपसण्यात इतकी गुंतली की त्या वेळेत एखाद्या लिहिण्याचं उत्तर आलं नाही. मग लिनक्सने जोडणी तोडून परत जोडली, तीच `hard resetting link`. असं होत होत शेवटी एक लिहिणं फसलं. नव्या डिस्कवर लिहिणं फसलं की एमडी, म्हणजे लिनक्समधला रेड सांभाळणारा भाग, तिला बाहेर काढतो, तिथे तो दुसरी संधी देत नाही.

`not supported` ही नॅस आणि डेस्कटॉप ड्राइव्हमधली दुसरी मोठी गोष्ट, आणि तिचा एसएमआरशी संबंध नाही. एखादा सेक्टर वाचता येत नसेल तर डिस्क किती वेळ झटत राहणार, हा प्रश्न. घरच्या पीसीत डिस्क एकटीच असते, तिच्याकडे नाही तर डेटा कुठेच नाही. म्हणून डेस्कटॉप ड्राइव्ह मिनिट, दोन मिनिटंसुद्धा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. ॲरेत तसं नको असतं. नॅस ड्राइव्ह ७ सेकंद प्रयत्न करते आणि सरळ सांगते, हा सेक्टर मिळत नाही. मग एमडी बाकीच्या डिस्कवरून तेवढा तुकडा काढतो, वापरणाऱ्याला देतो, आणि त्याच सेक्टरवर परत लिहितो. लिहिताना डिस्क खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर घेते. कुणाला कळतही नाही. तुमच्या जुन्या तिघांना `Read: 70` दिसेल, ते सेकंदाच्या दहाव्या भागात असतं.

डेस्कटॉप ड्राइव्ह मात्र दोन मिनिटं झटत बसते आणि लिनक्स ३० सेकंदांनी तिला मेलेली समजतो. एका सेक्टरच्या दुखण्यावर अख्खी डिस्क जाते.

आता sdb. आठ पेंडिंग म्हणजे वाचायला अडलेले ५१२ बाइटचे आठ, म्हणजे डिस्कवरचा खरा ४ केबीचा एकच सेक्टर. ॲरे धडधाकट असता तर हे काहीच नव्हतं. पण आता तुमच्याकडे तीनच डिस्क आहेत. त्या ४ केबीची दुसरी बाजू काढायला पॅरिटी, म्हणजे हरवलेला तुकडा परत काढायचा जादा हिशोब, उरलेली नाही. तुमचं कालचं रिबिल्ड ४१ टक्क्यांवर पडलं, म्हणजे बहुधा त्या सेक्टरपर्यंत पोचलंच नव्हतं.

आणि इथे नियम उलटा होतो, हे नीट वाचा. धडधाकट ॲरेत ७ सेकंदांत हार मानणारी डिस्क हवी. डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क गेलेल्या, रेड ५ मध्ये हार मानली तर तो तुकडा गेला. इथे तीच डिस्क जिवाच्या आकांताने झटायला हवी, आणि लिनक्सनेही थांबायला हवं. म्हणून रिबिल्डपुरतं:

```
smartctl -l scterc,0,0 /dev/sdb
echo 180 > /sys/block/sdb/device/timeout
```

पहिल्या ओळीने ७ सेकंदांची मर्यादा निघते, दुसरीने लिनक्स ३ मिनिटं थांबतो. मशीन बंद करून चालू केलं की दोन्ही जातात, म्हणून रिबिल्डच्या आधी परत द्यायच्या. रिबिल्ड संपलं की `scterc,70,70` आणि ३० परत करायचं, विसरू नका.

हात सढळ असेल तर याहून सुरक्षित वाट म्हणजे दोन नव्या ड्राइव्ह आणायच्या, आधी sdb ची `ddrescue` ने नक्कल करायची, आणि ती नक्कल घेऊन रिबिल्ड करायचं. मी स्वतः तेच केलं असतं.

---

कागलकर · सोमवार, सकाळी ८:२०

रात्रपाळी, मग माझं म्हणणं खरंच झालं की. एक सेक्टर अडलाच.

---

रात्रपाळी · सोमवार, सकाळी ९:००

अडला, पण तुमच्या हिशोबाने नाही. कागदावरचा आकडा ही वरची मर्यादा आहे, यापेक्षा जास्त चुका होणार नाहीत असं कंपनी म्हणते. दर साडेबारा टीबीला एक चूक येणारच, असा त्याचा अर्थ होत नाही. तसं असतं तर माझ्याकडच्या ॲरेंत दर महिन्याच्या तपासणीत चुका दिसल्या असत्या, आणि महिनोन् महिने एकही दिसत नाही. शिवाय बऱ्याच नॅस ड्राइव्हच्या कागदावरही तोच १०^१४ असतो.

sdb चा सेक्टर बहुधा बऱ्याच दिवसांपासून अडलेला असणार. चौकट, तुमच्या ओपनमीडियाव्हॉल्टच्या खाली असलेलं डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर ॲरेची पूर्ण तपासणी आपोआप लावतं. तुमच्याकडे ती होत होती का?

---

चौकट · सोमवार, सकाळी ९:२५

रात्री साडेनऊला स्टुडिओ बंद करताना मेन स्विच बंद करतो. पाच वर्षं तसंच चाललंय. म्हणजे ती तपासणी एकदाही झाली नाही.

---

कागलकर · सोमवार, सकाळी ९:४०

वरच्या मर्यादेचं मला माहीत नव्हतं. तरी मोठ्या डिस्कला रेड ६ च घ्यावं, हे माझं मत कायम आहे. sdb च्या जागी दुसरी पॅरिटी असती तर आज ही धाकधूक झाली नसती.

---

रात्रपाळी · सोमवार, सकाळी ९:५५

ते मत मी खोडणार नाही. चार खणांत रेड ६ घेतलं तर अर्धी जागा जाते, एवढंच चौकट यांनी ठरवायचं आहे.

---

चौकट · बुधवार, रात्री ११:१५

सविस्तर सांगतो, पुढे कुणाला लागेल.

दोन ड्राइव्ह एकदम घेणं जमलं नाही. एकच नॅस ड्राइव्ह घेतली, दुसऱ्या दुकानातून, आधी पूर्ण मॉडेल नंबर मागवून आणि कंपनीच्या यादीत सीएमआर बघूनच. जोडल्यावर `smartctl` मध्ये TRIM ची ओळच नव्हती, आणि ७ सेकंदांची ओळ होती. बाकी सगळी लग्नंही बाहेर उतरवून घेतली होती, म्हणून हा धोका पत्करला.

काल रात्री साडेनऊला sdb ला वरच्या दोन ओळी दिल्या, नेटवर्कची केबल काढली आणि रिबिल्ड लावलं. झोप कुठली येते. सुरुवातीला १५५ एमबी होतं, डिस्क आतल्या भागात गेली तसं हळूहळू कमी होत शेवटी ८५ झालं. तो उतार सगळ्या फिरणाऱ्या डिस्कला असतो असं वाचलं होतं, म्हणून घाबरलो नाही. ६३ टक्क्यांवर मात्र आकडा हलायचा थांबला. पंख्याच्या आवाजात sdb चा किरकिर आवाज ऐकू येत होता. मी घड्याळ लावलं, ४० सेकंद झाली. मग पुढे सरकलं. dmesg मध्ये काहीच आलं नाही, म्हणजे सेक्टर वाचला गेला. एकूण ८ तास ५० मिनिटं.

सकाळी sdb चं ७ सेकंद आणि ३० परत केलं आणि तपासणी लावली:

```
echo check > /sys/block/md0/md/sync_action
```

त्यात हे मिळालं:

```
md/raid:md0: read error corrected (8 sectors at 4922843416 on sdb)
```

आता sdb चं पेंडिंग शून्य आहे.

---

रंकाळाकाठ · गुरुवार, सकाळी ७:५०

वाचून बरं वाटलं. माझ्या दोन एसएमआर डिस्कचं काय करू? चालू आहेत, काढायला मन होत नाही.

---

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ८:३०

चौकट, ६३ टक्क्यांवर ७ सेकंदांची मर्यादा लागू असती तर तो तुकडा मिळाला नसता. काल sdb ने वेळ घेऊन का होईना वाचला. sdb आता शून्य दाखवत असली तरी पुढच्या दोन-तीन तपासण्यांत परत पेंडिंग आलं तर ती बदलायची. महिन्यातून एक रात्र मेन स्विच चालू ठेवा.

रंकाळाकाठ, दोन्ही एकदम काढायची घाई नको. पहिली जेव्हा जाईल तेव्हा तिच्या जागी साधी घाला. तोवर रिबिल्डची वेळ आली तर तुम्ही मागे केलंत तसंच करा, नॅस कुणाला वापरू देऊ नका. झेडएफएसवर जायचा विचार असेल तर मात्र त्या दोघी आधी काढा.

---

चौकट · गुरुवार, सकाळी ९:१०

ती एसएमआर डिस्क मी ठेवून घेतोय. महिन्याला एकदा जुनी लग्नं तिच्यावर सलग उतरवायची आणि कपाटात ठेवायची, या कामाला ती चालेल ना? पहिल्या दुकानदाराकडे परत न्यायला गेलो होतो. डिस्कमध्ये दोष नाही म्हणाले, आणि ते खोटंही नाही. पण मी नॅस ड्राइव्ह मागितली होती आणि कामही तेच करते असं सांगून ही दिली, हे त्यांनी मान्य केलं नाही.

---

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ९:३०

त्या कामाला उत्तम आहे. एकदम मोठ्या फाइली, एका पाठोपाठ. कॉपी संपल्यावर लगेच उपटू नका, अर्धा-एक तास वीज राहू द्या, पडवीतला माल तिला आत लावता येईल.

---

शाहूपुरी_काउंटर · गुरुवार, सकाळी ११:००

आमच्या काउंटरवर आजपासून नॅससाठी डिस्क मागणाऱ्याला मॉडेल नंबर लिहून देतोय. डेस्कटॉप डिस्क नॅसमध्ये घातली तर परत घ्यायची की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. माझा भाऊ म्हणतो घेऊ नये, डिस्क चालू आहे. मला वाटतं आपण सांगून दिली असेल तर घ्यावी.